छायाचित्राखालील ओळ आणि वाक्प्रचार

नळदुर्ग किल्ल्यातील पाणीमहालाचे छायाचित्र भित्तिपत्रकावर लावताना आम्ही त्याखाली अशी ओळ सुचवतो: ‘पाणी डोक्यावरून गेले, तरी महाल कोरडाच!’

‘पाणी डोक्यावरून जाणे’ म्हणजे गोष्ट हाताबाहेर जाणे, हे पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असते. येथे मात्र शब्दशः अर्थच खरा ठरतो. बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या भिंतीतच हा महाल बांधला आहे. पावसाळ्यात नर-मादी या दोन सांडव्यांतून पाणी कोसळते आणि आतला माणूस खिडकीतून ते पाहतो. दोन अर्थांची ही गाठ उकलली की मूल हसते. मग दुसऱ्या ओळीत माहिती द्यावी: ‘आदिलशाही बांधकाम, सतराव्या शतकाचा आरंभ.’

त्याच चित्राखाली ‘थेंबे थेंबे तळे साचे’ लिहिले तर ओळ चुकीची नसते, पण निर्जीव होते, कारण ती कोणत्याही तलावाला चालते. उन्हाळ्यातील कोरड्या सांडव्याच्या चित्राखाली तर आमची ओळही फसते. म्हणून चित्र झाकून ओळ वाचावी. ती दुसऱ्या चित्रालाही शोभत असेल, तर बदलावी.