निवृत्ती किती वर्षांवर? उत्तर खर्चाच्या वहीत

एका घरात महिन्याला १ लाख रुपये येतात आणि ७० हजार खर्च होतात. दुसऱ्या घरात ५ लाख येतात आणि साडेतीन लाख खर्च होतात. दोघांनीही आज शून्यापासून सुरुवात केली, तर नोकरी आधी कोणाला सोडता येईल? बहुतेक जण दुसऱ्या घराचं नाव घेतील. प्रत्यक्षात दोघांनाही सारखीच, म्हणजे सुमारे ३१ वर्षं लागतील. कारण निवृत्तीसाठी लागणारी पुंजी पगारावरून ठरत नाही, ती वर्षाच्या खर्चाच्या पटीत मोजली जाते.

ही पट बहुधा २५ सांगितली जाते. अमेरिकेतले आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी १९९४ साली तिथल्या शेअर आणि रोख्यांच्या १९२६ पासूनच्या आकड्यांवरून एक हिशेब मांडला. पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढले आणि पुढे ती रक्कम महागाईइतकी वाढवत नेली, तर पुंजी किमान ३० वर्षं पुरली असती, असं त्यात दिसलं. वर्षाचा खर्च म्हणजे पुंजीचे ४ टक्के, म्हणून पुंजी खर्चाच्या २५ पट.

आता पहिलं घर घेऊ. वर्षाचा खर्च ८ लाख ४० हजार, त्याची २५ पट २ कोटी १० लाख. गुंतवणूक महागाई वजा जाता वर्षाला ४ टक्के वाढते असं धरू आणि सगळे आकडे आजच्या किमतीत ठेवू. महिन्याला ३० हजार बाजूला पडले, तर तिथं पोचायला जवळपास ३१ वर्षं लागतात.

या घरानं खर्च १० हजारांनी कमी केला तर? बचत ४० हजार होते. पण त्याच वेळी गाठायची रक्कमही २ कोटी १० लाखांवरून १ कोटी ८० लाखांवर येते. चाल वाढली आणि मुक्कामही जवळ आला. ३१ वर्षांची साडेतेवीस होतात. याउलट पगार १० हजारांनी वाढला आणि ती सगळी वाढ शिल्लक टाकली, तर बचत तेवढीच ४० हजार, पण खर्च ७० हजारच राहिल्यामुळे जवळपास २६ वर्षं लागतात. पगारवाढ पूर्ण खर्चात गेली, तर मुदत ३३ वर्षांवर जाते. बचत एका रुपयानंही कमी झालेली नसते. फक्त सवयी महाग झालेल्या असतात आणि त्या निवृत्तीनंतरही पोसायच्या असतात.

उत्पन्नाचा किती हिस्सा मागे पडतो, यावर सगळं अवलंबून आहे. याच गृहीतकांवर १० टक्के वाचवणाऱ्याला जवळपास ५९ वर्षं लागतात, २० टक्के वाचवणाऱ्याला ४१ आणि निम्मं उत्पन्न वाचवणाऱ्याला सुमारे १८.

हा हिशेब चुकतो तो तीन ठिकाणी. पहिलं, एसआयपीची रक्कम वर्षानुवर्षं तीच ठेवली जाते. वरच्या आकड्यांत बचत दरवर्षी महागाईइतकी वाढते असं धरलेलं आहे. आजचे ३० हजार २० वर्षांनीही ३० हजारच राहिले, तर मुदत पुष्कळ लांबते. दुसरं, आजचा खर्च हाच उद्याचा मानला जातो. घराचा हप्ता तेव्हा संपलेला असेल, पण कंपनीच्या आरोग्य विम्याचं कवचही गेलेलं असेल. मुलांच्या शिक्षणाची रक्कम तर या पुंजीत धरूच नये.

तिसरी चूक २५ या आकड्याचीच. तो अमेरिकेच्या बाजाराचा आणि ३० वर्षांचा आहे. पंचेचाळिशीत नोकरी सोडणाऱ्याला पुंजी चाळीस वर्षं पुरवावी लागू शकते. त्यातही निवृत्तीनंतर लगेचच बाजार पडला, तर घटलेल्या पुंजीतून पैसे काढत राहावे लागतं आणि ती पुढे सावरत नाही. म्हणून लवकर थांबणाऱ्यानं ३३ पट, म्हणजे ३ टक्के काढण्याचा हिशेब धरणं शहाणपणाचं. तसं केलं, तर महिन्याला ६० हजार खर्चणाऱ्या आपल्या घराला साडेतेवीसऐवजी जवळपास २८ वर्षं लागतील.

आपण वाटेवर आहोत का, हे कळायला एक भागाकार पुरतो. दर मार्चअखेर पीएफसह सगळी गुंतवणूक मोजा, राहतं घर आणि अंगावरचं सोनं वगळा आणि त्या रकमेला गेल्या बारा महिन्यांच्या खर्चानं भागा. ४० टक्के वाचवणाऱ्या घराचं उत्तर दहा वर्षांनी ८ च्या आसपास यायला हवं. गुंतवणूक वाढूनही हे उत्तर खाली आलं असेल, तर शेअर बाजाराआधी खर्चाची वही उघडा.