हक्कभाग घ्यावेत, विकावेत की सोडावेत?

राइट्स इश्यूमध्ये कंपनी नवे शेअर आधी आपल्याच भागधारकांना देऊ करते, तेही सहसा बाजारभावापेक्षा कमी किमतीत. ही सवलत म्हणजे बक्षीस नव्हे. नवे शेअर स्वस्तात निघाले की जुन्या शेअरचा भावही त्या प्रमाणात खाली येतो आणि सवलतीचा पैसा तिथूनच निघतो.

रिलायन्स इंडस्ट्रीजने 2020 च्या मे महिन्यात दर 15 शेअरमागे 1 नवा शेअर 1,257 रुपयांना देऊ केला होता. हिशेबासाठी त्याआधीचा बाजारभाव 1,450 रुपये धरू. 15 शेअरचे 21,750 रुपये आणि नव्या शेअरचे 1,257 मिळून 23,007 रुपये होतात. त्यांना 16 ने भागले की भाव येतो साधारण 1,438. ज्याच्याकडे 150 शेअर आहेत, त्याचे शेअरमागे 12 रुपये, म्हणजे एकूण सुमारे 1,800 रुपये कमी झाले. त्याच्या वाट्याला 10 हक्क आले. 1,438 चा शेअर 1,257 ला घेता येतो, म्हणून प्रत्येक हक्काची किंमत सुमारे 181 रुपये आणि दहांची पुन्हा 1,800 च्या आसपास. गेलेले पैसे हक्काच्या रूपाने परत आले आहेत, पण ते उचलले तरच हाती लागतात.

हे हक्क डीमॅट खात्यात स्वतंत्र नोंद म्हणून जमा होतात. पैसे गुंतवायचे नसतील तर ते शेअर बाजारात विकता येतात. मात्र ही विक्री इश्यू बंद होण्याच्या काही दिवस आधीच थांबते. रिलायन्सचा इश्यू 3 जूनपर्यंत खुला होता, पण हक्कांची खरेदी-विक्री 29 मे रोजीच संपली. शेवटच्या दिवसापर्यंत वाट पाहणाऱ्याला मग अर्ज करणे एवढाच मार्ग उरतो. अर्ज बँकेमार्फत 'अस्बा' पद्धतीने करता येतो. शेअर मिळेपर्यंत रक्कम खात्यातच राखून ठेवली जाते. अर्ज केला नाही तर हक्क रद्द होतात आणि भरपाई मिळत नाही. सर्वांत महागात पडणारी गल्लत बाजारातून हक्क विकत घेणाऱ्यांची होते. आपण शेअरच घेतला, असे समजून ते अर्ज करत नाहीत आणि दिलेली किंमत पूर्ण बुडते.

अर्ज करण्यापूर्वी पुढचे हप्ते पाहायला हवेत. रिलायन्सने अर्जासोबत शेअरमागे फक्त 314.25 रुपये घेतले. तेवढेच 2021 च्या मेमध्ये आणि उरलेले 628.50 नोव्हेंबरमध्ये मागितले. असे हप्ते थकले तर शेअर जप्त होऊ शकतो. ती रक्कम उभी राहणार नसेल, किंवा कंपनी जुनी देणी भागवण्यासाठी वारंवार भागधारकांकडे येत असेल, तर हक्क वेळेत विकणेच बरे. हक्क वाया जाऊ देणे योग्य ठरते ते मुख्यतः एकाच वेळी: बाजारभाव इश्यूच्या किमतीखाली घसरला तर. तेव्हा हक्काला गिऱ्हाईक जवळजवळ मिळत नाही आणि शेअर हवाच असेल तर तो बाजारातच स्वस्त पडतो.