जोस्त यांच्या सशांपासून

पॅरिसमध्ये आल्फ्रेड जोस्त यांनी १९४०च्या दशकात केलेला प्रयोग फार नाजूक हाताचा होता. सशाची मादी साधारण महिनाभर गाभण असते. १९व्या दिवसाच्या सुमारास तिचे पोट उघडून त्यांनी गर्भाशयातल्याच नर गर्भांचे वृषण काढले, पुन्हा शिवले आणि गर्भ वाढू दिले. सगळ्यांची शरीरे मादीची झाली.

गर्भात सुरुवातीला नलिकांच्या दोन्ही जोड्या तयार असतात. वुल्फियन नलिकांपासून शुक्रवाहिन्या होतात, तर म्युलेरियन नलिकांपासून गर्भनलिका आणि गर्भाशय. जोस्त यांनी वृषणाच्या जागी टेस्टोस्टेरॉनचा स्फटिक ठेवून पाहिला. वुल्फियन नलिका टिकल्या, पण म्युलेरियनही तशाच राहिल्या! म्हणजे त्या विरवणारे वृषणाचे दुसरे द्रव्य असलेच पाहिजे. माझ्या मते प्रयोगाचा खरा मोठेपणा या अर्धवट यशात आहे. त्या द्रव्याला पुढे अँटी-म्युलेरियन हार्मोन (एएमएच) म्हणू लागले. त्याचे जनुक १९८६ मध्ये हाती आले.

माणसात ही दोन्ही कामे कधी कधी निसर्गच वेगळी करून दाखवतो. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, स्तन वाढलेले, पाळी मात्र आलेली नाही. सोनोग्राफीत गर्भाशय दिसत नाही, गुणसूत्रे एक्स-वाय निघतात, वृषण पोटात किंवा जांघेत सापडतात. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरुषाइतके असते, पण ते ओळखणारा ग्राहकच बिघडलेला असल्याने शरीराला त्याचा पत्ता लागत नाही. त्यातल्या काही भागाचे इस्ट्रोजेन होते, म्हणून स्तन वाढतात. एएमएचने मात्र आपले काम चोख केलेले असते, म्हणून गर्भाशय नाही.

याच्या अगदी उलटही घडते. हर्नियाच्या किंवा न उतरलेल्या वृषणाच्या शस्त्रक्रियेत एखाद्या मुलाच्या पोटात गर्भाशय सापडते. बाहेरून तो पूर्ण मुलगा असतो, कारण टेस्टोस्टेरॉनने काम केलेले असते. लहान वयातल्या अशा मुलाच्या रक्तात एएमएच जवळजवळ नसेल, तर दोष बहुधा एएमएचच्या जनुकात असतो. नेहमीइतके असेल, तर ग्राहकात.

वृषण मुळात कोण घडवते, हा प्रश्न मात्र लांबला. १९५९ मध्ये वाय गुणसूत्राकडे बोट गेले. १९८७ मध्ये झेडएफवाय हे जनुक सापडल्याचा गाजावाजा झाला, पण ते नसतानाही वृषण असलेले एक्स-एक्स पुरुष आढळले आणि तो दावा मागे पडला. १९९० मध्ये लंडनमध्ये एसआरवाय गवसले. पुढच्याच वर्षी ते एक्स-एक्स उंदराच्या गर्भात घातले, तेव्हा त्याला वृषण आले, शरीर नराचे झाले; शुक्राणू मात्र नव्हते.

जोस्त यांच्या निष्कर्षाची एक बाजू पुढे ढिली पडली. टेस्टोस्टेरॉन नसले की वुल्फियन नलिका आपोआप नाहीशा होतात, असे मानले जात होते. २०१७ मध्ये मादी उंदराच्या गर्भातून सीओयूपी-टीएफ२ हे प्रथिन काढून टाकले, तेव्हा टेस्टोस्टेरॉन नसतानाही त्या नलिका टिकल्या. मादीच्या शरीरात त्या मोडून काढाव्या लागतात.