‘५.७’ची मुदत संपते तेव्हा

डेटाबेस भाड्याने घेण्याची पद्धत आता सरसकट झाली आहे. दुकानाचे ऑर्डर-खाते असो वा पतसंस्थेची नोंदवही, सर्व्हर स्वतः विकत घेऊन त्यावर डेटाबेस बसवण्यापेक्षा तो ॲमेझॉनच्या आरडीएससारख्या सेवेकडून चालता-बोलता घेतला जातो. बॅकअप घेणे, डिस्क बिघडली तर बदलणे, सुरक्षेची दुरुस्ती करणे ही कामे सेवा देणारी कंपनी करते. मात्र दुरुस्ती केव्हा करायची आणि जुनी आवृत्ती कुठवर चालू द्यायची, याचे वेळापत्रकही मग तीच कंपनी आखते. त्या वेळापत्रकात ग्राहकाच्या हातात थोडेच राहते, आणि ते थोडे नेमके काय आहे हे अनेकांना बिल वाढल्यावर कळते.

ग्राहकाच्या हातातली पहिली गोष्ट म्हणजे मेन्टेनन्स विंडो: दुरुस्तीसाठी आठवड्यातून एकदा राखून ठेवलेली वेळ. आरडीएसमध्ये ती किमान अर्ध्या तासाची असते. ग्राहकाने ठरवली नाही, तर कंपनी त्या प्रदेशासाठी नेमलेल्या आठ तासांतून एखादा अर्धा तास स्वतःच निवडते. ही वेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये लिहायची असते. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे इथे हमखास घोटाळा होतो. रविवारी पहाटे दोनला काम व्हावे असे वाटत असेल, तर शनिवारी रात्री साडेआठ असे लिहावे लागते:

```
aws rds modify-db-instance \
  --db-instance-identifier orders-db \
  --preferred-maintenance-window sat:20:30-sat:21:00
```

इथे `sun:02:00` लिहिले, तर दुरुस्ती रविवारी सकाळी साडेसातला सुरू होईल. दूध किंवा वर्तमानपत्रे घरपोच करणाऱ्या व्यवसायाची ती ऐन गर्दीची वेळ असते.

विंडोचा दुसरा गैरसमज याहून महाग पडतो. अर्ध्या तासाची विंडो म्हणजे काम अर्ध्या तासात संपेल, असे नव्हे. काम त्या अर्ध्या तासात सुरू होते, पण ते संपायला लागेल तेवढा वेळ लागतो. दुसऱ्या इमारतीत सज्ज असलेली जोडप्रत, म्हणजे मल्टी-एझेड घेतली की डेटाबेस कधी बंदच पडणार नाही, हाही समज अर्धाच खरा आहे. ऑपरेटिंग सिस्टीमची दुरुस्ती आधी जोडप्रतीवर होते, मग कारभार तिच्याकडे जातो, आणि खंड अगदी थोडा पडतो. डेटाबेस इंजिनाची आवृत्ती बदलताना मात्र मूळ आणि जोडप्रत दोन्ही एकाच वेळी बदलल्या जातात, आणि तेवढा वेळ दोन्ही बंद राहतात.

आवृत्तीबदल दोन प्रकारचे असतात. ८.०.३५ वरून ८.०.३६ वर जाणे हा छोटा बदल. त्यात चुका दुरुस्त होतात, वागणूक सहसा बदलत नाही, आणि तो आपोआप होऊ देण्याची सोय असते. ५.७ वरून ८.० वर जाणे हा मोठा बदल, आणि तो ग्राहकाने स्पष्ट मागितल्याशिवाय एरवी होत नाही. या ‘एरवी’ला एक मर्यादा आहे: आवृत्तीची मुदत.

मायएसक्यूएल ५.७ चे उदाहरण यासाठी सर्वांत बोलके आहे. ही आवृत्ती ऑक्टोबर २०१५ मध्ये आली आणि असंख्य वेबसाइट तिच्यावर उभ्या राहिल्या. मूळ निर्मात्यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शेवटची दुरुस्ती काढून हात काढून घेतला. आरडीएसने नेहमीचा आधार २९ फेब्रुवारी २०२४ पर्यंत दिला. त्यानंतरही ५.७ वर राहिलेले डेटाबेस लगेच बंद पडले नाहीत, ना जबरदस्तीने बदलले गेले. १ मार्चपासून ते ‘एक्स्टेंडेड सपोर्ट’ या सशुल्क आधारात आपोआप दाखल झाले. या योजनेत ॲमेझॉन गंभीर सुरक्षा-दुरुस्त्या स्वतः करून देते आणि त्याचे पैसे प्रोसेसरच्या संख्येवर, तासाच्या हिशेबाने लावते. अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रदेशासाठी पहिली दोन वर्षे हा दर दर आभासी प्रोसेसरमागे ताशी १० सेंट आणि तिसऱ्या वर्षी २० सेंट असा जाहीर झाला. इतर प्रदेशांतले दर वेगळे असतात.

आकडा किरकोळ दिसतो, म्हणून तो मांडून पाहायला हवा. समजा एका कंपनीचा डेटाबेस चार प्रोसेसरांचा आहे आणि त्याला जोडप्रतही आहे. आकारणी दोन्हींवर होते, म्हणून प्रोसेसर आठ धरायचे. महिन्याचे साधारण ७३० तास, ताशी १० सेंट, म्हणजे महिन्याला ५८४ डॉलर. तिसऱ्या वर्षी तेच ११६८ डॉलर. हे सगळे मूळ भाड्याव्यतिरिक्त, आणि त्या बदल्यात वेग किंवा सोय यांत काहीच वाढ नाही. ५.७ साठी हा सशुल्क आधार २८ फेब्रुवारी २०२७ ला संपतो. त्यानंतर मोठा बदल सेवा देणारी कंपनी स्वतः करते.

अशी सक्ती जवळ आली की तिची नोंद प्रलंबित कामांच्या यादीत दिसते:

```
aws rds describe-pending-maintenance-actions
```

या यादीत दोन तारखा नीट वाचायच्या असतात. `AutoAppliedAfterDate` ही तारीख उलटली की काम पुढच्या मेन्टेनन्स विंडोत होते, म्हणजे निदान वेळ तरी ग्राहकाने निवडलेली असते. `ForcedApplyDate` मात्र विंडोची पर्वा करत नाही. त्या दिवशी काम होते, मग तो दिवाळीच्या खरेदीचा दिवस का असेना. ज्याला सक्ती टाळायची आहे त्याने दुसरी तारीख कॅलेंडरवर मांडून तिथून मागे मोजत यावे.

एवढी घाई ग्राहक का करत नाहीत, याचे उत्तर आळसात नाही, भीतीत आहे, आणि ती भीती रास्त आहे. मोठा बदल एकदा झाला की आहे त्या जागी मागे फिरता येत नाही. बॅकअप चालू असेल तर आरडीएस बदलाच्या आधी डेटाबेसची एक प्रत, म्हणजे स्नॅपशॉट काढून ठेवते. तिच्यावरून जुना डेटाबेस पुन्हा उभा करता येतो, पण बदलानंतर आलेल्या ऑर्डरी त्यात नसतात.

बदलाआधी सेवा स्वतःही तपासणी करते. ती डेटाबेस चालू असतानाच होते, आणि तिचा अहवाल `PrePatchCompatibility.log` या फाइलमध्ये मिळतो. नव्या आवृत्तीत न चालणारी रचना सापडली तर बदल रद्द होतो आणि डेटाबेस होता तसा राहतो. मात्र या तपासणीला डेटाबेसच्या आत जे आहे तेवढेच दिसते. वेबसाइटच्या किंवा ॲपच्या कोडमधून रोज जे प्रश्न विचारले जातात, ते तिला दिसत नाहीत. बदलानंतरचे बहुतेक घोळ नेमके तिथेच लपलेले असतात.

काही घोळ निदान आरडाओरडा करतात. ८.० मध्ये `rank` हा राखीव शब्द झाला. एखाद्या रकान्याचे नाव तेच असेल आणि ते अवतरणाशिवाय लिहिलेले असेल, तर प्रश्न थेट चूक दाखवून थांबतो. अशी चूक पाच मिनिटांत कळते. पुढचा प्रश्न मात्र गप्प राहून दगा देतो:

```sql
SELECT taluka, COUNT(*) FROM orders GROUP BY taluka;
```

प्रत्येक तालुक्यातून किती ऑर्डरी आल्या, एवढेच तो विचारतो. ५.७ मध्ये गट पाडताना तालुके आपसूक क्रमाने लागत. ८.० ने हा आपसूक क्रम काढून टाकला. आकडे बरोबर येतात, चुकीचा संदेशही येत नाही, फक्त यादी विस्कटते. माणूस ती वाचत असेल तर त्याच्या लक्षात येईल. पण ती यादी दुसरा प्रोग्राम वाचत असेल आणि पहिली ओळ म्हणजे अकोले असे गृहीत धरत असेल, तर चुकीचे आकडे चुकीच्या तालुक्याच्या नावावर जातील आणि कित्येक दिवस कोणाला पत्ता लागणार नाही. उपाय एवढाच, की शेवटी `ORDER BY taluka` लिहायचे. पण असे प्रश्न कोडमध्ये कुठेकुठे आहेत, हे शोधायलाच आठवडे जातात. सक्तीची तारीख महिनाभरावर आल्यावर हा शोध धड होत नाही.

म्हणून रंगीत तालीम आधी करायची. चालू डेटाबेसच्या स्नॅपशॉटवरून वेगळा डेटाबेस उभा करून त्यावर आवृत्तीबदल करावा. यातून दोन गोष्टी कळतात. तपासणी पार पडते की नाही, ही एक. दुसरी म्हणजे बदलाला खरोखर किती वेळ लागतो. ८.० मध्ये सर्व टेबलांची माहिती नव्या पद्धतीने साठवली जाते, त्यामुळे हा वेळ नुसत्या आकारावर नाही, टेबलांच्या संख्येवरही अवलंबून असतो. काही मोठी टेबले असलेला डेटाबेस लवकर उरकतो, तर प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी टेबले काढलेला त्याच आकाराचा डेटाबेस रेंगाळतो. त्यानंतर ॲपची चाचणीची प्रत या डेटाबेसला जोडून महिनाअखेरचे अहवालही काढून पाहावेत. वर्षातून एकदाच चालणारे प्रश्न रोजच्या वापरात सापडत नाहीत.

प्रत्यक्ष बदलासाठी २०२२ च्या अखेरीस आरडीएसमध्ये ‘ब्लू-ग्रीन’ ही पद्धत आली, आणि बंद राहण्याचा वेळ ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी तीच सर्वांत शहाणपणाची आहे. चालू डेटाबेस निळा. त्याची हिरवी प्रत उभी राहते, तिच्यावर आवृत्ती बदलली जाते, आणि निळ्यात होणारी प्रत्येक नोंद तिच्यापर्यंत पोहोचत राहते. आठवडाभर हिरव्यावर वाचनाच्या चाचण्या घेता येतात. तिच्यात लिहायचे मात्र नाही, नाहीतर दोन्ही प्रतींत तफावत पडते. प्रायमरी की नसलेली मोठी टेबले असली, तर हिरवी प्रत मागे पडत जाते. ही पिछाडी शून्यावर आल्याशिवाय अदलाबदल सुरू करू नये. अदलाबदलीत लिखाण क्षणभर थांबते, नावे बदलली जातात, आणि ॲप त्याच जुन्या पत्त्यावर नव्या डेटाबेसला भेटते. हे बहुतेक वेळा मिनिटभरात होते. ठरलेल्या मुदतीत, म्हणजे न बदलल्यास पाच मिनिटांत, ते जमले नाही तर सगळे आपोआप पूर्ववत होते. अदलाबदल होऊनही ॲप अडखळत असेल, तर ते जुना आयपी पत्ता लक्षात धरून बसले आहे का, हे आधी पाहावे.

५.७ वरून निघणाऱ्याने मुक्काम कुठे करायचा, हेही आधीच ठरवायला हवे. ८.० चा आरडीएसवरचा नेहमीचा आधार ३१ जुलै २०२६ पर्यंतच जाहीर झालेला आहे. ५.७ वरून थेट ८.४ वर उडी मारता येत नाही, मध्ये ८.० वर थांबावेच लागते. म्हणून आराखडा दोन बदलांचा करावा, आणि कोडमधला शोध मात्र एकदाच, ८.४ नजरेसमोर ठेवून करावा.

अदलाबदलीनंतर निळा डेटाबेस नाहीसा होत नाही. त्याच्या नावापुढे `-old1` लागते आणि तो चालूच राहतो. नव्या नोंदी त्याच्याकडे जात नाहीत, पण तुलनेसाठी तो चार-सहा दिवस हाताशी असणे मोलाचे असते. पहिला महिनाअखेरचा अहवाल जुळला की त्याचा शेवटचा स्नॅपशॉट काढून तो पुसून टाकावा, कारण तो अजूनही ५.७ वर आहे आणि त्याच्या प्रत्येक प्रोसेसरवर एक्स्टेंडेड सपोर्टचे मीटर चालू आहे.