चारचे सातशे होतात कसे?

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही रुपयांना मिळणारा बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर घ्या. १२ व्होल्टचा पुरवठा, कलेक्टरला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि १ मिलिअँपिअर प्रवाह अशी जुळणी केली की बेसवरचा संदेश कलेक्टरवर सुमारे १८० पट होऊन बाहेर पडतो. आता ३.९ पिकोफॅरडचा एक इवलासा कपॅसिटर बेस आणि ग्राउंड यांच्यामध्ये जोडा. काहीच फरक दिसत नाही. तोच कपॅसिटर तिथून काढून बेस आणि कलेक्टर यांच्यामध्ये लावा, की अॅम्प्लिफायरची बँडविड्थ थेट निम्म्यावर येते. कपॅसिटर तोच, फक्त जागा बदलली.

या कोड्याचे उत्तर जॉन मिल्टन मिलर या अमेरिकी अभियंत्याने १९२० मध्ये दिले. तेव्हा ट्रान्झिस्टर नव्हते. त्याने अभ्यासला होता तो ट्रायोड व्हॉल्व्ह, पण हिशेब आजही तोच लागू पडतो.

एक रबर दोन्ही टोकांना धरले आहे असे समजा. दुसरे टोक खिळ्याला बांधलेले असेल, तर तुम्ही तुमचे टोक एक मिलिमीटर ओढल्यावर रबर एक मिलिमीटरच ताणले जाते. पण दुसऱ्या टोकाला कोणी खोडकर उभा असेल आणि तुम्ही एक मिलिमीटर ओढताच तो उलट दिशेने १८० मिलिमीटर ओढत असेल, तर ताण १८१ मिलिमीटरचा होतो. तुमच्या हाताला ते रबर १८१ पट ताठ वाटेल.

ट्रान्झिस्टरमध्ये कलेक्टर हा तो खोडकर. बेस १ मिलिव्होल्टने वर गेला की कलेक्टर १८० मिलिव्होल्टने खाली येतो. त्या दोघांमध्ये जो काही कपॅसिटर असेल त्याच्या दोन टोकांतला फरक १८१ मिलिव्होल्टने बदलतो आणि तेवढा सगळा विद्युतभार बेसकडूनच पुरवावा लागतो. असा कपॅसिटर आपण लावला नाही तरी ट्रान्झिस्टरच्या पोटात तो असतोच. बीसी ५४७ मध्ये साधारण ४ पिकोफॅरडचा. बेसला मात्र तो ४ गुणिले १८१, म्हणजे ७२४ पिकोफॅरडचा भासतो. बेस आणि एमिटर यांच्यामधले ६०च्या आसपास मिळवले की बेरीज सुमारे ७८० होते.

हा कपॅसिटर भरायचा कुणी? संदेश जिथून येतो त्या स्रोताने. समजा, स्रोताचा रोध १० किलोओहम आहे आणि ट्रान्झिस्टरचा स्वतःचा आदानरोध ७.८ किलोओहम. समांतर जोडणीत दोन्ही मिळून ४.४ किलोओहम होतात. त्यातून ७८० पिकोफॅरड भरायला वेळ लागतो, आणि संदेश त्याहून वेगाने बदलू लागला की बेस मागे पडतो. गणित सांगते की ४६ किलोहर्ट्झला प्रदान ७१ टक्क्यांवर उतरते. गाण्यासाठी हे पुरेसे आहे, कारण आपला कान २० किलोहर्ट्झच्या पुढे ऐकत नाही. मात्र मध्यम लहरींवरचा रेडिओ संदेश, म्हणजे ५३० किलोहर्ट्झच्या पुढचा, इथे पार क्षीण होतो. कलेक्टर स्थिर राहिला असता तर हीच मर्यादा साडेपाचशे किलोहर्ट्झच्या आसपास असती.

सुरुवातीच्या प्रयोगाचा उलगडाही यातच आहे. ग्राउंडकडे लावलेल्या ३.९ पिकोफॅरडने ७८० चे ७८४ झाले. बेस-कलेक्टरमध्ये लावल्यावर मात्र जवळपास १,४९० झाले. आपल्या सर्किटला मिलर परिणामच अडवतो आहे का, हे ओळखायची ही सोपी चाचणी आहे. ब्रेडबोर्डवर तर ही चाचणी नकळत होऊन जाते. बीसी ५४७ चे कलेक्टर आणि बेस हे पाय शेजारी-शेजारी असतात आणि ब्रेडबोर्डच्या शेजारच्या पट्ट्यांमध्ये दोनेक पिकोफॅरड असतातच. तेवढ्याने ४६ चे ३२ किलोहर्ट्झ होतात, आणि नवशिका ट्रान्झिस्टर बदलत बसतो.

यावर उपाय तीन. स्रोताचा रोध ६०० ओहमवर आणला तर मर्यादा साधारण ३६५ किलोहर्ट्झवर जाते. गेन कमी केला तरी बँडविड्थ वाढते, पण मग अॅम्प्लिफायर कशाला केला? तिसरा उपाय कॅस्कोड. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या डोक्यावर दुसरा बसवायचा आणि त्याचा बेस स्थिर ठेवायचा. दुसऱ्याचा एमिटर फक्त २६ ओहमचा भार दाखवतो, त्यामुळे खालच्या कलेक्टरची हालचाल बेसइतकीच उरते. ४ चे ७२४ नव्हे, ८ होतात. १८० पट वर्धन वरचा ट्रान्झिस्टर देतो, पण त्याचा स्वतःचा कपॅसिटर स्थिर बेसला, म्हणजे खिळ्याला, बांधलेला असतो. बँडविड्थ ५३० किलोहर्ट्झपर्यंत पोहोचते. खोडकर तिथेच आहे, तेवढाच जोरात ओढतो आहे. फक्त त्याच्या हातातल्या रबराचे दुसरे टोक आता आपल्या हातात नाही.