हैफाचा विजय अपवाद का ठरला? मशिनगनपुढे घोडदळाची धडक का थांबली

नवी दिल्ली : राजधानीतील तीन मूर्ती स्मारक जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद संस्थानांच्या घोडदळाची आठवण जागवते. यांपैकी जोधपूर व म्हैसूरच्या स्वारांनी २३ सप्टेंबर १९१८ रोजी ऑटोमन सैन्याच्या ताब्यातील हैफा शहर जिंकले. समोर मशिनगन आणि तोफा असताना हातातील भाल्यांच्या बळावर मिळवलेला हा विजय त्या काळातही दुर्मीळच होता. त्यामागे वेळेचे गणित होते.

जुन्या बंदुकीचा नेम सुमारे १०० मीटरपर्यंतच भरवशाचा असे आणि ती पुन्हा भरण्यास १५ ते २० सेकंद लागत. भरधाव घोडा हे अंतर दहा-बारा सेकंदांत कापतो. त्यामुळे पायदळाला एकदाच गोळीबार करता येई आणि दुसऱ्या फैरीपूर्वी स्वार अंगावर येऊन धडकत.

मशिनगनने हे गणित उलटवले. एक हजार मीटर अंतर कापण्यास घोड्याला सुमारे दोन मिनिटे लागतात. मिनिटाला ५०० ते ६०० गोळ्या झाडणारी एकच मशिनगन तेवढ्या वेळात हजारावर गोळ्या सोडू शकते. पायदळाचा सैनिक जमिनीवर आडवा होऊन वा खंदकात शिरून जीव वाचवतो. धावत्या घोड्याला ती सोय नाही.

तोफांचेही तसेच झाले. पूर्वी प्रत्येक गोळ्यानंतर तोफ मागे सरके आणि पुन्हा नेम धरावा लागे. फ्रान्सच्या १८९७ च्या ७५ मिलिमीटर तोफेत हा धक्का तेल व हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा पेलत असे. तोफ जागेवरच राहत असल्याने मिनिटाला सुमारे १५ गोळे सुटू लागले. हवेत फुटून छर्रे उधळणारे गोळे उघड्या मैदानातील स्वारांना विशेष घातक ठरले.

मग हैफात यश कसे मिळाले? ऑटोमन सैन्य आधीच पराभूत होऊन माघार घेत होते. वाटेत काटेरी तारांची सलग कुंपणे नव्हती. म्हैसूरच्या स्वारांची एक तुकडी कार्मेल डोंगरावरील तोफांकडे पाठवण्यात आली होती, शिवाय मदतीला स्वतःच्या तोफा व मशिनगनही होत्या. नदीकाठच्या रुतणाऱ्या वाळूमुळे पुढचा मार्ग बंद होताच जोधपूरचे स्वार डावीकडे वळले आणि उतारावरील मशिनगनवर तुटून पडले. मेजर दलपत सिंह या चढाईत धारातीर्थी पडले.

या लढाईत आठ जणांना वीरमरण आले, ३४ जखमी झाले; घोडे मात्र ६० मारले गेले. गोळ्यांचा मारा मुख्यतः कोणावर झाला, हे यावरून दिसते. फ्रान्समधील पश्चिम आघाडीवर तारा, खंदक आणि मशिनगन यांची सलग फळी होती. तेथे घोडदळाला अशी मोकळी वाट क्वचितच मिळाली.

पुढे १९३८ मध्ये भारतीय घोडदळाच्या सिंध हॉर्स व तेरावी लान्सर्स या रेजिमेंटनी घोडे सोडून चिलखती वाहने स्वीकारली. वेगाने धडक देण्याचे काम तेच राहिले. पण त्यासाठी आता गोळ्या झेलणाऱ्या पोलादी कवचाची गरज होती.