वारशाचे सोने आणि आयकर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

विवाहित स्त्रीकडे 500 ग्रॅम, अविवाहित स्त्रीकडे 250 ग्रॅम आणि पुरुषाकडे 100 ग्रॅमपेक्षा जास्त दागिने ठेवता येत नाहीत, हा सोन्याविषयीचा बहुधा सर्वांत पसरलेला गैरसमज. हे आकडे 11 मे 1994 रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने काढलेल्या सूचनेतले आहेत आणि ती सूचना छापा घालणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी होती: घरात एवढे दागिने सापडले तर ते जप्त करू नयेत. सोने बाळगण्यावर वजनाची मर्यादा नाही. ते कुठून आले, हे सांगता आले पाहिजे, एवढेच. डिसेंबर 2016 मध्ये मंडळाने हेच पुन्हा स्पष्ट केले आणि वारशाचे सोनेही त्यात धरले. काही न्यायालयांनी एवढ्या वजनाला खुलासा मागू नये असे म्हटले असले, तरी या आकड्यांना करमाफी समजणे चूकच.

वारशाने किंवा मृत्युपत्राने दागिने मिळाले की कर भरावा लागतो, हाही गैरसमज. भारतातला मृत्युकर 1985 मध्ये आणि संपत्तीकर 2016 मध्ये रद्द झाला. वारसाच्या हाती आलेले सोने उत्पन्न धरले जात नाही.

भेटीचा नियम थोडा वेगळा आहे. लग्नानिमित्त वधूला किंवा वराला मिळालेले दागिने, देणारा कोणीही असो, करमुक्त असतात. ही सवलत फक्त त्या दोघांना आहे. मुंज, बारसे, डोहाळजेवण, लग्नाचा वाढदिवस यांना ती लागू नाही. तिथे देणारा कोण, हे पाहिले जाते. नवरा-बायको, भावंडे, आईवडील, आजी-आजोबा, काका, मामा, आत्या, मावशी, सासू-सासरे यांच्याकडून आलेले दागिने करमुक्त. चुलतभाऊ, मामेबहीण आणि मित्र मात्र कायद्याच्या ‘नातेवाईक’ या व्याख्येत बसत नाहीत. त्यांच्याकडून वर्षभरात आलेल्या दागिन्यांची बाजारभावाने किंमत 50,000 रुपयांच्या वर गेली, तर वरच्या रकमेवर नव्हे, संपूर्ण किमतीवर कर लागतो. नाते घेणाऱ्याच्या बाजूने मोजतात, म्हणून मामाने भाच्याला दिलेली चेन करमुक्त असते; भाच्याने मामाला दिलेली मात्र नसते. व्यवहारात ही विसंगती क्वचितच कोणाच्या लक्षात येते.

खरा हिशेब विक्रीच्या वेळी सुरू होतो. ‘वारशाचे आहे, म्हणून विकले तरी कर नाही’ आणि ‘फुकट मिळाले, म्हणून सगळी रक्कम नफा’ ही दोन्ही टोके चुकीची आहेत. वारसाला पूर्वीच्या मालकाची खरेदी किंमत आणि त्याच्या मालकीचा काळही मिळतो. दागिना 1 एप्रिल 2001 पूर्वीचा असेल, तर त्या दिवशीचा बाजारभाव मूळ किंमत म्हणून धरता येतो.

समजा, आजीने 1978 मध्ये घेतलेल्या 50 ग्रॅमच्या पाटल्या मृत्युपत्राने नातीला मिळाल्या आणि तिने त्या 2025 मध्ये 4,50,000 रुपयांना विकल्या. व्हॅल्युअरने 1 एप्रिल 2001 ची किंमत 20,000 रुपये ठरवली. नफा झाला 4,30,000. मालकी 24 महिन्यांपेक्षा जास्त, म्हणून दर 12.5 टक्के: कर 53,750 आणि 4 टक्के उपकर धरून 55,900 रुपये. 23 जुलै 2024 पासून सोन्यावरच्या या हिशेबात महागाईनुसार किंमत वाढवून मिळत नाही. सराफाकडे पाटल्या मोडीत देऊन नवा हार घेतला, पैसे हातात आले नाहीत, तरी ती विक्रीच ठरते.

सासूने सुनेला दिलेल्या दागिन्यांवर घेताना कर नाही. पण लग्नानंतर दिलेले तेच दागिने सुनेने विकले, तर नफा सासूच्या उत्पन्नात धरला जातो. नवऱ्याने बायकोला दिलेल्या दागिन्यांचेही तसेच. म्हणून दागिना कोणी, कधी दिला, हे कागदावर असणे गरजेचे ठरते.

जंगम वस्तूच्या भेटीला नोंदणीची सक्ती नसते. दागिना प्रत्यक्ष हाती दिला की भेट पूर्ण होते. तरी देणाऱ्या-घेणाऱ्याची नावे, नाते, तारीख, प्रसंग, वजन व शुद्धता लिहिलेले आणि दोघांच्या सह्यांचे साधे बक्षीसपत्र पुरेसे काम देते. मृत्युपत्रात ‘माझे सर्व दागिने’ असे मोघम लिहिण्याऐवजी प्रत्येक नगाचे वर्णन आणि वजन द्यावे. मृत्युपत्र नसेल, तर मृत्यूचा दाखला आणि वारसांनी सह्या केलेली वाटणीची यादी जपावी. जुनी पावती आजोबांच्या नावावर असली तरी फेकू नये. मूळ किंमत त्याच पावतीतून सिद्ध होते. जुनी संपत्तीकर विवरणपत्रे घरात सापडली, तर त्यांच्याइतका भक्कम पुरावा क्वचितच मिळतो.

सर्वांत जास्त घोळ आटणीत होतो. आजीच्या ठुशीची साखळी झाली की जुना नग दिसेनासा होतो आणि सराफाच्या नव्या पावतीवर फक्त घडणावळ उरते. जुन्या दागिन्याचा फोटो ठेवला आणि आटणीपूर्वीचे वजन व नव्या नगाचे वजन एकाच पावतीवर लिहून घेतले, तरच आजीच्या सोन्याचा धागा नव्या साखळीपर्यंत दाखवता येतो.